एक्स्ट्रा कामाचे बिल आणि बदलाची चिठ्ठी

राहत्या घराच्या नूतनीकरणात मूळ कोटेशनच्या वर जे काम होते, त्याला साइटवर ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. एक्स्ट्रा काम निघण्यात गैर काही नाही. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतली भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाच कळत नाही, आणि काम सुरू झाल्यावर घरातल्यांना नव्या गोष्टी सुचतात हेही स्वाभाविक आहे. भांडण होते ते दुसऱ्याच कारणाने. काम वाढले तेव्हा दर ठरलेला नसतो, मोजमाप झालेले नसते, आणि सगळ्याची बेरीज रंगकाम संपत आल्यावर एकदम समोर येते. तोवर पाइप भिंतीत गेलेले असतात, टाइल बसलेल्या असतात आणि बहुतेक पैसे देऊन झालेले असतात.

एक्स्ट्रा तीन प्रकारचे असतात. पहिला मालकाने मागितलेला बदल: टाइल सात फुटांऐवजी छतापर्यंत, एका दिव्याऐवजी तीन दिवे. दुसरा झाकलेल्या जागेतून निघालेले काम: गंजलेली पाइपलाइन, पोकळ झालेला गिलावा, स्लॅबमधली ओल. तिसरा प्रकार सर्वांत वादाचा, कारण तो खरे तर एक्स्ट्रा नसतोच. कोटेशनमध्ये एखादे काम धरले होते की नव्हते याबद्दल दोघांची समजूत वेगळी असते, आणि ती वेगळी आहे हे बिल आल्यावर कळते. पहिल्या दोन प्रकारांत प्रश्न फक्त रकमेचा असतो. तिसऱ्यात मूळ करार काय होता हाच प्रश्न असतो, म्हणून सुरुवात कोटेशनपासून करावी लागते.

‘दोन बाथरूम संपूर्ण नवीन, मटेरियलसह’ एवढी एक ओळ आणि पुढे रक्कम, अशी कोटेशने आजही सर्रास दिली आणि स्वीकारली जातात. अशा ओळीत काय आले नाही हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्यानंतरचे कुठलेही काम एक्स्ट्रा ठरवता येते आणि कुठलेही काम मुळातलेच आहे असेही म्हणता येते. उपयोगी कोटेशनमध्ये प्रत्येक कामाचे वर्णन, परिमाण, एकक आणि दर असतो. मालाचा दर्जाही लिहिलेला असतो, निदान ‘बेसिक रेट’च्या रूपात. बेसिक रेट म्हणजे टाइल किंवा ग्रॅनाइटसाठी ठेकेदाराने दुकानातला जो भाव धरून आपला हिशेब केला आहे तो भाव. मालकाने त्यापेक्षा महाग माल निवडला तर फरक द्यायचा आणि स्वस्त निवडला तर फरक वजा करायचा, असा त्याचा अर्थ. यांखेरीज एक छोटा भाग ‘यात काय धरलेले नाही’ याचा असावा. राडारोडा सोसायटीच्या फाटकाबाहेर नेण्याचा खर्च, जुना गिलावा काढून नवीन करणे, सोसायटीची अनामत, जीएसटी या बाबी बहुधा या भागात येतात. ही यादी ठेकेदाराने प्रामाणिकपणे दिली तर त्याचा आकडा प्रतिस्पर्ध्यापेक्षा मोठा दिसतो आणि काम हातचे जाण्याची भीती असते. म्हणून ती मालकानेच मागून घ्यायला हवी.

इथे आणखी एक भेद नीट कळायला हवा. काही कामे ठोक रकमेत घेतलेली असतात, काही दराने. ठोक रकमेच्या कामात परिमाण चुकले तर तो ठेकेदाराचा प्रश्न असतो; बाथरूमची भिंत त्याने मोजली नव्हती म्हणून वाढीव पैसे मागता येत नाहीत. दराच्या कामात मात्र कोटेशनमधले परिमाण अंदाजी असते आणि पैसे प्रत्यक्ष मोजमापावर द्यायचे असतात. तिथे रंगकाम १,८०० चौरस फुटांऐवजी २,०५० भरले तर तो एक्स्ट्रा नाही, ते मोजमाप आहे. घरगुती कामांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, आणि कुठली ओळ कुठल्या प्रकारची आहे हे लिहिलेले नसते. सोयीप्रमाणे एकदा ठोक आणि एकदा दर असा अर्थ लावला जातो. त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे ‘ठोक’ किंवा ‘मोजमापाप्रमाणे’ हा शब्द असलाच पाहिजे.

एका बिलाची चिरफाड

पुढचे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. आकडे आणि दर कल्पित आहेत. शहर, वर्ष आणि मालाप्रमाणे दर बदलतात. मात्र बिलातल्या जागा नेहमीच्याच आहेत.

पुण्यातल्या तीसेक वर्षांच्या इमारतीत दोन शयनगृहांचा फ्लॅट. दोन्ही बाथरूम फोडून नवीन, स्वयंपाकघराचा ओटा, सगळे वायरिंग आणि रंगकाम असे ६,००,००० रुपयांचे कोटेशन. पैसे चार हप्त्यांत: सुरुवातीला ४० टक्के, टाइल बसल्यावर ३०, रंगकाम सुरू होताना २० आणि शेवटी १० टक्के. रंगाचा दुसरा हात चालू असताना ठेकेदाराने ८३,७०० रुपयांचे एक्स्ट्रा बिल दिले. त्यात पाच ओळी होत्या.

पहिली ओळ बाथरूमच्या टाइलची. कोटेशनमध्ये टाइल सात फूट उंचीपर्यंत होत्या. काम चालू असताना घरातल्यांनी ‘वरपर्यंत घ्या’ असे गवंड्याला सांगितले. बिलात १३२ चौरस फूट, दर १८०, रक्कम २३,७६०. हा आकडा कसा आला? बाथरूम पाच बाय सात फुटांचे, म्हणजे चारही भिंतींची लांबी २४ फूट. सात फुटांपासून स्लॅबपर्यंत अडीच फूट धरले, तर एका बाथरूमचे ६० आणि दोन्हींचे १२० चौरस फूट होतात. त्यावर तुटफुटीचे १० टक्के चढवले की १३२. पण टाइल स्लॅबपर्यंत गेलेल्याच नाहीत. नऊ फुटांवर फॉल्स सीलिंग आहे आणि टाइल तिथेच थांबतात. म्हणजे प्रत्यक्ष वाढ दोन फुटांची, दोन्ही बाथरूम मिळून ९६ चौरस फूट. त्यातून दोन झरोके, प्रत्येकी तीन चौरस फुटांचे, वजा केले की ९० उरतात. तुटफूट मूळ दरातच धरलेली असताना ती एक्स्ट्रावर पुन्हा चढवण्याचे कारण नाही. ९० चौरस फुटांचे १८० दराने १६,२०० रुपये होतात.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. जिथे टाइल आल्या, तिथे मूळ कोटेशनप्रमाणे पुट्टी आणि ऑइल पेंट व्हायचा होता. तो झाला नाही. त्याचा दर चौरस फुटाला ३० धरला, तर २,७०० रुपये मालकाला परत मिळायला हवेत. या ओळीची खरी रक्कम १३,५०० होते. घरगुती बिलांत सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे. बदल म्हणजे केवळ भर नव्हे. बहुतेक बदलांत जुने काहीतरी गळते, आणि गळलेल्याची वजावट कुणी मागत नाही.

हीच चूक ओट्याच्या ओळीत अधिक ठळक दिसते. कोटेशनमध्ये ग्रॅनाइटचा बेसिक रेट १८० होता. घरच्यांनी दुकानात ३२० रुपयांचा दगड निवडला. ओटा इंग्रजी एल आकाराचा, ३२ चौरस फुटांचा. ठेकेदाराने ३२० दराने पूर्ण १०,२४० रुपये एक्स्ट्रात लावले. पण १८० रुपयांचा दगड मूळ सहा लाखांत आधीच आलेला आहे. देणे आहे ते फक्त १४० रुपयांच्या फरकाचे, म्हणजे ४,४८० रुपये. यामागे लबाडीच असते असे नाही. अनेक छोटे ठेकेदार एक्स्ट्राची वही वेगळी ठेवतात आणि त्यात दुकानाचे बिल जसेच्या तसे उतरवतात. मूळ कोटेशन त्या क्षणी समोर नसते.

तिसरी ओळ गिलाव्याची: ३९० चौरस फूट, दर ७०, रक्कम २७,३००. यातले ३०० चौरस फूट बाथरूमच्या भिंतींचे आणि ९० चौरस फूट शयनगृहाच्या बाहेरच्या भिंतीचे. शयनगृहाची भिंत ओलीने पोकळ झाली होती. हातोडीच्या दांड्याने ठोकले की अशा ठिकाणी भरीव आवाजाऐवजी बदबद आवाज येतो. रंगाखाली हे दिसत नाही, म्हणून हे काम खरोखर न कळलेले होते आणि त्याचे ६,३०० रुपये देणे आहेत. बाथरूमची गोष्ट वेगळी. जुन्या टाइल काढताना त्यांच्यामागचा गिलावा सोबत निघतो, हे टाइलच्या कामात मुरलेल्या माणसाला आधीच ठाऊक असते. ‘जुन्या टाइल काढून नवीन बसवणे’ या ठोक ओळीत भिंत पुन्हा समतल करणे आलेच पाहिजे. ठेकेदार म्हणू शकतो की मी गिलावा लिहिला नव्हता. मालक म्हणू शकतो की त्याशिवाय टाइल बसतच नाहीत. मालकाची बाजू जास्त सबळ आहे, पण कोटेशनमध्ये ‘गिलाव्यासह’ एवढा एक शब्द असता तर २१,००० रुपयांचा हा वाद उभाच राहिला नसता.

विजेची ओळ मात्र बिनचूक होती. ४२ पॉइंट ठरले होते, ५६ झाले. १४ पॉइंट, दर १,१००, रक्कम १५,४००. यातले तीन पॉइंट नवे नव्हते, हलवलेले होते: पलंगाची दिशा बदलली म्हणून भिंतीत मारलेली झिरी बुजवून दुसरीकडे मारावी लागली. हलवलेल्या पॉइंटला नव्याइतकेच पैसे का, असे मालकाला वाटते. कष्ट मात्र नव्यापेक्षा जास्तच पडतात, कारण झिरी, पाइप आणि तार दुसऱ्यांदा करावी लागते आणि पहिली खाच भरावी लागते. पाचवी ओळ राडारोड्याच्या दोन वाढीव गाड्यांची, ७,००० रुपये. बाथरूम फोडल्यावर राडारोडा निघणार हे मूळ कामातच आहे, आणि वाढीव गाड्यांची पावती नाही. ही ओळ टिकत नाही.

बेरीज केली तर ८३,७०० पैकी ३९,६८० रुपये खरोखर देणे आहेत, निम्म्याहूनही कमी. पण तेवढे देणे आहेतच. ‘ठरलेले सहा लाख दिले, आता एक पैसा देणार नाही’ ही मालकाची भूमिका ठेकेदाराच्या बिलाइतकीच चुकीची ठरते. चौदा पॉइंट भिंतीत आहेत, ग्रॅनाइट ओट्यावर आहे, टाइल नऊ फुटांपर्यंत आहेत. आणि या उदाहरणात जो हिशेब सहज मांडता आला, तो प्रत्यक्षात शेवटच्या आठवड्यात मांडता येत नाही. पोकळ गिलावा ९० चौरस फूट होता की १४०, हे रंग चढल्यावर मोजणार कसे?

तोंडी सांगितलेले काम कायद्यात कुठे बसते

‘लेखी नाही म्हणजे देणे नाही’ हा समज पक्का आहे आणि तो खोटा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करार मानतो. मालकाने तोंडी सांगितले, ठेकेदाराने केले, तर करार झाला. दर ठरला नव्हता तरी त्याच कायद्याचे कलम ७० उरते. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायचा असतो किंवा वस्तू परत करायची असते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व बांधकामालाच लावले. सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने बांधकाम केले होते, पण सरकारी करारासाठी लागणारी रीतसर लेखी पूर्तता झालेली नव्हती. करार वैध नसूनही सरकारने बांधकाम वापरले म्हणून मोबदला द्यावा लागला.

याचा घरमालकासाठी अर्थ सरळ आहे. समोर उभे राहून काम होऊ दिले, मग त्या बाथरूममध्ये आंघोळ सुरू केली, तर ‘मी सही केली नव्हती’ हा बचाव लंगडा पडतो. ठेकेदारासाठीही अर्थ तितकाच सरळ आहे. कलम ७० त्याला वाजवी मोबदला देते, बिलात लिहिलेला दर देत नाही. ‘वाजवी’ किती हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो, आणि त्याच्याकडे मोजमाप नसते. लेखी बदल नसल्यामुळे दोघांचेही नुकसान होते ते असे: एकाला नको असलेले देणे लागू होते आणि दुसऱ्याला हक्काचे येणे सिद्ध करता येत नाही.

ही अडचण मोठ्या बांधकामांत केव्हाच ओळखली गेली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारातले कलम १२ अशा बदलांसाठीच आहे. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या १९९९ सालच्या लाल पुस्तकात १३वे कलम बदलांचे आहे, आणि इंजिनिअरने सांगितल्याशिवाय किंवा मान्यता दिल्याशिवाय ठेकेदाराने कायम कामात फेरफार करू नये असे ते सांगते. सरकारी साइटवर पाया किंवा पाइप झाकण्यापूर्वी मोजमाप-पुस्तकात, म्हणजे ‘एम.बी.’त, नोंद होते. घरगुती कामात मात्र हा तिसरा माणूस नसतो. मालक आणि ठेकेदार यांच्यामध्ये मोजणारे, लिहिणारे, थांबवणारे कुणीच नाही. रेराचेही संरक्षण इथे मिळत नाही. २०१६चा तो कायदा विकासकाच्या विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या घराच्या दुरुस्तीला नोंदणी लागत नाही, आणि करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये ही त्यातली मर्यादाही घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला लागू होत नाही. त्यामुळे ती शिस्त घरगुती करारातच घालावी लागते.

बदलाची चिठ्ठी

बदल लेखी असावा याचा अर्थ मुद्रांकावर करार असा नाही. चार-पाच ओळींची चिठ्ठी किंवा मोबाइलवरचा संदेश पुरतो. त्यात काय असावे हे महत्त्वाचे. वरच्या टाइलच्या बदलाची चिठ्ठी अशी झाली असती:

‘बदल क्र. २. दोन्ही बाथरूमच्या टाइल ७ फुटांऐवजी ९ फुटांपर्यंत (फॉल्स सीलिंगपर्यंत). वाढ अंदाजे ९० चौ. फूट, झरोके वजा करून. पक्के माप टाइल बसल्यावर दोघांनी घ्यायचे. दर १८०, तुटफूट व मजुरीसह. वजा: याच भागातील पुट्टी व ऑइल पेंट, दर ३०. निव्वळ अंदाजे १३,५०० रुपये, जीएसटी नाही. कामाची मुदत २ दिवसांनी वाढेल. रक्कम टाइलच्या हप्त्यासोबत. मान्य असल्यास कळवावे, मगच काम सुरू होईल.’

यातली प्रत्येक ओळ एकेक वाद टाळते. क्रमांक असल्याने एकही बदल मागून घुसत नाही. चिठ्ठ्या पाच असतील तर अंतिम बिलात एक्स्ट्रा पाचच असणार. वजावट लिहिल्याने ग्रॅनाइटसारखी चूक होत नाही. जीएसटीची ओळही लागते: काम मालासह असेल तर नोंदणीकृत ठेकेदार त्यावर १८ टक्के आकारतो, पण नोंदणी नसलेल्याला कर वसूल करता येत नाही. आणि मुदतीची ओळ तर सहज सुटते. मालकाने सहा बदल सांगितले, एकाचेही दिवस लिहिले नाहीत, आणि शेवटी उशिराबद्दल दंड मागितला, तर ठेकेदार सगळा उशीर त्या बदलांवर ढकलतो आणि ते खोडून काढता येत नाही.

सर्वांत वजनदार शब्द ‘मगच’ हा आहे. काम झाल्यावर लिहिलेल्या चिठ्ठीत मालकाला निवड उरत नाही. १३,५०० हा आकडा आधी दिसला असता तर कदाचित त्याने सात फुटांवरच समाधान मानले असते, किंवा एकाच बाथरूमला वरपर्यंत टाइल घेतल्या असत्या. बदलाची किंमत कळण्याचा उपयोग बदल न करण्यासाठीही असतो, आणि ती संधी काम सुरू होण्यापूर्वीच असते.

कुणाचा शब्द चालेल हेही करारातच लिहावे लागते. गवंडी घरात असलेल्याचे ऐकतो. सकाळी आजोबा कमोडची जागा सांगतात, दुपारी सून आरशाची उंची बदलते, संध्याकाळी इंटिरिअर डिझायनर दोन्ही फिरवतो. घरातून एकच माणूस आणि ठेकेदाराकडून एकच माणूस, बदल फक्त त्या दोघांच्या संदेशांत, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला तर गवंड्यालाही सोपे जाते. अर्थात ‘लेखी नसेल तर एक्स्ट्रा नाही’ हे कलम छापून मालक स्वतःच तोंडी कामे सांगत सुटला, तर त्या कलमाचा आधार ढासळतो. वागण्यातून ते सोडून दिले असे म्हणायला जागा होते.

झाकलेल्या जागेतून निघणाऱ्या कामासाठी रीत थोडी वेगळी. परिमाण आधी कळत नाही, पण दर आधी ठरवता येतो. कोटेशनच्या शेवटी ‘निघाल्यास’ अशी दोन-चार कामांची दरयादी ठेवतात: पोकळ गिलावा काढून नवीन, चौरस फुटाला इतके, जुनी गॅल्व्हनाइज्ड पाइप बदलणे, रनिंग फुटाला इतके, उघडी पडलेली गंजलेली सळई साफ करून दुरुस्ती, चौरस फुटाला इतके. ठेकेदाराला कामाची गरज असताना ठरलेला दर आणि भिंत फोडून ठेवल्यावर सांगितलेला दर यांत मोठा फरक असतो. मग काम निघाले की झाकण्यापूर्वी टेप लावलेला फोटो, दोघांनी घेतलेले माप आणि चिठ्ठी. मालक गावाला असेल तर फोटो पाठवून ठरावीक वेळ, समजा एक दिवस, थांबायचे. त्यानंतरही उत्तर नसेल तर सुरक्षिततेचे काम पुढे न्यायचे, शोभेचे थांबवायचे. गळणारी पाइप वाट पाहत नाही, हे मालकानेही मान्य करायला हवे.

मोबाइलवरचे संदेश पुरावा म्हणून चालतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही असे सांगते. न्यायालयात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. म्हणून संवाद पुसू नयेत आणि फोन बदलताना जपावेत. आवाजी संदेशापेक्षा लिहिलेला आकडा बरा, आणि नुसत्या अंगठ्याच्या चिन्हापेक्षा ‘१३,५०० मान्य’ हे शब्द बरे.

हप्ते कामाला बांधणे

चिठ्ठीला बळ येते ते हप्त्यांमुळे. उदाहरणातला ४०-३०-२०-१० हा क्रम पुन्हा पाहावा. पहिल्या दिवशी २,४०,००० रुपये उचल गेली, तेव्हा काम शून्य होते. तोडफोड, राडारोडा आणि भिंतीतली पाइपलाइन झाली तरी झालेल्या कामाची किंमत त्या उचलीच्या निम्म्याच्याही खाली असू शकते. रंगकाम सुरू झाले तेव्हा ५,४०,००० देऊन झाले होते आणि मालकाच्या हाती ६०,००० उरले. रंगकाम चालू असतानाच ८३,७०० चे बिल आले. कमोड, नळ, दिव्यांची बटणे बसायची बाकी होती. अशा क्षणी मालक बिल तपासत नाही, घासाघीस करतो, कारण काम थांबले तर भाड्याच्या घरातून परतता येत नाही.

हप्त्यांचा नियम एकच: दिलेले पैसे झालेल्या कामाच्या फार पुढे जाता कामा नयेत, आणि फार मागेही राहू नयेत. मागे राहिले तर ठेकेदार मजुरांचा आठवड्याचा पगार आणि दुकानदाराची उधारी यांत अडकतो. मग तो पहिल्या घराच्या पैशांतून दुसऱ्याचे काम आणि दुसऱ्याच्या पैशांतून तिसऱ्याचे करू लागतो. त्याच सहा लाखांची एक वाजवी मांडणी अशी होऊ शकते: करार करताना १० टक्के, तोडफोड होऊन राडारोडा बाहेर गेल्यावर १५, भिंतीतली पाइपलाइन, वायरिंगच्या झिरी आणि वॉटरप्रूफिंग तपासून झाल्यावर २०, टाइल बसल्यावर २०, ओटा आणि फॉल्स सीलिंग झाल्यावर १५, रंग आणि सर्व जोडण्या चालू झाल्यावर १५, उरलेले ५ टक्के राखीव. टाइल, नळ, ग्रॅनाइट यांसाठी मोठी रक्कम एकदम लागते ही ठेकेदाराची खरी अडचण आहे. तिच्यासाठी उचल वाढवण्याऐवजी मालकाने दुकानदाराला थेट पैसे द्यावेत आणि ते हप्त्यातून वळते करावेत. त्यामुळे मालाचे खरे बिलही मालकाच्या हाती राहते.

टप्पा तारखेवर किंवा ‘अर्धे काम’ अशा शब्दांवर ठरवू नये. तो डोळ्यांनी तपासता येईल अशा गोष्टीवर ठरवावा. वॉटरप्रूफिंगचा टप्पा म्हणजे बाथरूमचा निचरा बंद करून निदान ४८ तास पाणी साठवणे आणि खालच्या मजल्यावरचे छत कोरडे पाहणे. पाइपलाइनचा टप्पा म्हणजे पंपाने दाब भरून काटा खाली येत नाही याची खात्री करणे. या टप्प्याला २० टक्के जाणूनबुजून ठेवले आहेत. यानंतर सगळे झाकले जाते, आणि नंतर निघालेल्या गळतीसाठी टाइल फोडाव्या लागतात. या हप्त्यापूर्वी उघड्या भिंतींचे फोटो काढून ठेवले, तर पुढे खिळा कुठे मारू नये हेही कळते.

बदलाच्या चिठ्ठीवरची रक्कम ज्या टप्प्यात ते काम येते त्याच हप्त्यात द्यायची. टाइलच्या बदलाचे पैसे टाइलच्या हप्त्यात, पॉइंटचे झिरींच्या हप्त्यात. एक्स्ट्रा साचत नाही, म्हणून शेवटी धक्का बसत नाही. ठेकेदारालाही काम ताजे असताना पैसे मिळतात, आणि ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्या मालकाचा खरा हेतू लवकर कळतो. एक्स्ट्राची बेरीज मूळ रकमेच्या दहा टक्क्यांवर गेली तर काम क्षणभर थांबवून उरलेल्या कामाचे कोटेशन नव्याने पाहावे, अशी ओळ करारात असेल तर उत्तम. उदाहरणात ८३,७०० म्हणजे जवळपास १४ टक्के होते. ही ओळ असती तर बिल रंगकामापर्यंत पोचलेच नसते.

वाद झालाच, तर

काम थांबलेले असेल तर पहिली गोष्ट मोजमाप. दोघांना मान्य असा एखादा सिव्हिल इंजिनिअर बोलावून जे दिसते ते मोजून घ्यावे, आणि बिलाच्या प्रत्येक ओळीला ‘मान्य’, ‘दर अमान्य’, ‘परिमाण अमान्य’ किंवा ‘मूळ कामातले’ असे उत्तर लिहावे. मान्य रक्कम लगेच द्यावी. ती अडवून धरली तर मालकाची बाकीची हरकतही हेकटपणाची वाटते. वादातल्या रकमेसाठी काम न थांबवण्याची अट करारात असेल तर तिचा उपयोग इथे होतो.

त्यापुढचा मार्ग मालकासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. ठेकेदाराला बिलाची वसुली तिथे मागता येत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. चाळीस हजारांच्या वादासाठी दोघांनाही हे मार्ग महाग पडतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे खटल्याआधी समेटासाठी जाता येते, आणि तिथे चिठ्ठ्या व फोटो असतील तर एका बैठकीतही निकाल लागू शकतो.

काम नीट संपले तरी अंतिम हिशेबाचा एक कागद व्हायला हवा: मूळ रक्कम, क्रमांकाने सर्व चिठ्ठ्यांची भर आणि वजावट, मोजमापाच्या ओळींचे पक्के माप, दिलेल्या हप्त्यांच्या तारखा, राखीव रक्कम आणि ती परत देण्याची तारीख. उदाहरणातल्या घराचा हिशेब ६,३९,६८० वर बंद झाला असता. राखलेले ३०,००० रुपये पहिला पावसाळा सरल्यावर, खालच्या शेजाऱ्याचे छत आणि शयनगृहाची बाहेरची भिंत कोरडी असल्याचे पाहून द्यायचे. ते देताना ठेकेदाराकडून पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती घ्यायची, आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची आणि कोणत्या भागाची हे त्याच कागदावर लिहून घ्यायचे.